दोन गावांच्या सावल्या आणि पृथ्वीचा घेर

एराटोस्थेनिस इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. पृथ्वीच्या मापनावरचं त्याचं पुस्तक हरवलंय. त्याची रीत आपल्याला कळते ती मुख्यतः क्लिओमिडीस या बऱ्याच नंतरच्या लेखकाकडून. सायीनीमधल्या (म्हणजे आजच्या अस्वानमधल्या) विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचायचं, ही प्रसिद्ध गोष्ट मात्र क्लिओमिडीस सांगत नाही. ती स्ट्रॅबो आणि प्लिनी या प्राचीन लेखकांकडे सापडते. क्लिओमिडीसच्या वर्णनात आहे ते वाटीसारखं खोलगट सावलीयंत्र. त्याच्या तळातून एक काटा उभा असतो आणि त्याची सावली वाटीच्या आतल्या वक्रावर पडते.

सूर्य सर्वांत उत्तरेला असतो त्या दिवशी, म्हणजे 21 जूनच्या आसपास, भर दुपारी सायीनीला काट्याची सावली पडत नाही. त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला पडते आणि पूर्ण वर्तुळाचा 50 वा भाग व्यापते. वाटीच्या वक्रावर हे थेट मोजता येतं, कोष्टकं लागत नाहीत. सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांत त्याचे किरण समांतर येतात असं धरलं, तर सावलीचा कोन आणि पृथ्वीच्या मध्याशी त्या दोन गावांमध्ये होणारा कोन एकच. स्टेडियन हे ग्रीकांचं लांबीचं माप, अनेकवचन स्टेडिया. गावांमधलं अंतर 5,000 स्टेडिया, म्हणून घेर 2,50,000. पुढे हा आकडा 2,52,000 असाही सांगितला जातो. त्याला 360 नी भागलं की एका अंशाला बरोबर 700 स्टेडिया येतात.

दोन्हीकडे एकाच क्षणी मोजायला घड्याळं कुठून आणली, असं अनेकांना वाटतं. त्याची गरजच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या गावात सावली सर्वांत आखूड होईपर्यंत थांबायचं. त्या दिवसांत सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे थोडं मागंपुढं झालं तरी कोन बिघडत नाही.

कोन खरंच चांगला मोजला होता. 50 वा भाग म्हणजे 7.2 अंश, आणि आजच्या नकाशावर दोन्ही शहरांच्या अक्षांशांतला फरक सुमारे 7.1 अंश. वास्तविक सायीनी तेव्हाच्या कर्कवृत्ताच्या 40 किलोमीटर उत्तरेला होतं, म्हणजे सावली अगदी शून्य नसणार. पण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्या वरच्या कडेचा उजेड सावलीचं टोक खातो. मीटरभर काठीची उरलेली गडद सावली दोनेक मिलिमीटरच भरते. ती कोणाला दिसणार? अलेक्झांड्रियातही सावली तेवढ्याच कोनाने कमी दिसते, म्हणून वजाबाकीत ही चूक निघून जाते.

अडचण अंतराची आहे. 5,000 हा आकडा उघडच गोळाबेरीज. शिवाय अस्वान अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेला नाही, रेखांशात सुमारे 3 अंश पूर्वेला आहे, आणि या हिशेबाला फक्त उत्तर-दक्षिण अंतर चालतं. त्यात स्टेडियन नेमकं किती मीटरचं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. 157.5 मीटर धरा, 2,52,000 चे होतात 39,690 किलोमीटर. 185 मीटर धरून 2,50,000 घेतले तर 46,250. ध्रुवांवरून मोजलेला खरा घेर सुमारे 40,008 किलोमीटर आहे. ‘दोन टक्क्यांच्या आत उत्तर’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आधी आपल्या सोयीचं स्टेडियन निवडलेलं असतं.

सावल्यांतून पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध होतं, हाही एक गैरसमजच. जमीन सपाट आणि सूर्य जवळ मानला तर त्याच दोन सावल्यांतून सूर्याची उंची निघते: 5,000 भागिले 7.2 अंशांचा टॅन्जन्ट, जवळजवळ 40,000 स्टेडिया. चीनच्या ‘चौ-पी’ या प्राचीन ग्रंथात नेमका असाच हिशेब आहे. ली हे तिथलं अंतराचं माप, त्सुन हे लहान लांबीचं. 1,000 ली अंतरावर सावली एक त्सुन बदलते असं धरून त्यांनी सूर्य 80,000 ली उंचीवर ठेवला. एराटोस्थेनिसकडे गोलाईचे पुरावे आधीच होते. ग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली वाटोळी दिसते आणि दक्षिणेला जावं तसे नवे तारे वर येतात. त्याने फक्त आकार मोजला.

भारतात हेच गणित त्रैराशिकाच्या रूपात दिसतं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते स्पष्ट मांडलंय: दक्षिणोत्तर दोन नगरांच्या अक्षांशांतल्या फरकाला इतकी योजनं, तर 360 अंशांना किती? त्यांनी दिलेला परिघ 4,967 योजनं. अक्षांश काढायचा तो पलभेवरून, म्हणजे विषुवदिनी मध्यान्ही 12 अंगुळांच्या शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या, सावलीवरून. पुण्यात ती सुमारे 4 अंगुळं भरते, उज्जैनला 5 पेक्षा किंचित जास्त. एवढ्या फरकातून साडेचार अंशांहून थोडा जास्त कोन निघतो, आणि त्याला दक्षिणोत्तर अंतर येतं सुमारे 520 किलोमीटर. इथेही कोनाचं काम शंकू आणि अंगुळं भागवतात. योजन नेमकं किती लांबीचं, हा प्रश्न स्टेडियनसारखाच शिल्लक राहतो.