तक्ता एक, चाचण्या दोन

बी.एस्सी.च्या पेपरात काय-वर्गाच्या गणिताला पैकीच्या पैकी मार्क द्यावेसे वाटतात, आणि मग शेवटची ओळ येते: "म्हणून दोन्ही गट स्वतंत्र आहेत." गट कसे स्वतंत्र असतील? स्वतंत्र असतात किंवा नसतात ती चलं. गट सारखे असतात किंवा वेगळे. या एका ओळीत स्वातंत्र्याची चाचणी आणि होमोजिनिटीची, म्हणजे एकजिनसीपणाची चाचणी यांची खिचडी झालेली असते. गणित दोन्हींचं तंतोतंत एकच असल्याने पोरांचा दोष अर्धाच मानतो मी.

सोलापुरातलंच उदाहरण घेऊ. आकडे वर्गात सरावासाठी मी रचलेले आहेत, कुठल्या दुकानाचे नाहीत. प्रश्न असा की गिऱ्हाईक गावचं आहे की बाहेरगावचं, याचा ते काय विकत घेतं याच्याशी काही संबंध आहे का.

समजा एक विद्यार्थिनी चाटी गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसली. येईल त्या गिऱ्हाइकाला तिने दोन गोष्टी विचारल्या: कुठून आलात आणि काय घेतलंत. २०० माणसं झाल्यावर ती उठली. त्यात गावचे किती निघतील आणि चादरवाले किती, हे तिला सकाळी ठाऊक नव्हतं. तिने आधी ठरवला होता फक्त २०० हा आकडा.

तिचा वर्गमित्र जरा हिशेबी. त्याने आधीच ठरवलं की गावचे ८० आणि बाहेरगावचे १२० गाठायचे. ८० गावकरी झाल्यावर पुढचा गावकरी आला तरी त्याने वही उघडली नाही.

संध्याकाळी दोघांचा तक्ता नेमका सारखा निघाला असं धरू:

| | चादर | टॉवेल | बेडशीट | एकूण |
|---|---|---|---|---|
| गावचे | २७ | ३६ | १७ | ८० |
| बाहेरगावचे | ६३ | ३४ | २३ | १२० |
| एकूण | ९० | ७० | ४० | २०० |

मुलीचा तक्ता स्वातंत्र्याच्या चाचणीचा, मुलाचा एकजिनसीपणाच्या चाचणीचा. छापील तक्त्याकडे बघून हा फरक कधीच कळत नाही, त्यासाठी प्रश्नातलं पहिलं वाक्य वाचावं लागतं. मी वर्गात एवढंच विचारतो: हीच पाहणी उद्या पुन्हा केली तर ८० आणि १२० या बेरजा बदलतील का? मुलीच्या बदलतील, कदाचित ९१ आणि १०९ येतील. मुलाच्या हलणार नाहीत, कारण त्या त्यानेच बांधून ठेवल्यात.

आता शून्य परिकल्पना. मुलीची अशी: गिऱ्हाईक कुठलं आणि खरेदी कशाची, ही दोन चलं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मुलाची अशी: चादर, टॉवेल, बेडशीट यांची प्रमाणं दोन्ही गटांत सारखी आहेत.

अपेक्षित वारंवारता दोघंही एकाच सूत्राने काढतील, ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण. पण मुलगी म्हणेल, गावचा असण्याची संभाव्यता ८०/२००, चादर घेण्याची ९०/२००. स्वतंत्र असतील तर दोन्हींचा गुणाकार करायचा आणि २०० ने गुणायचं: ३६. मुलगा म्हणेल, दोन्ही गट सारखे असतील तर सगळे एकत्र करून चादरीचं प्रमाण काढू, ते आलं ९०/२००, म्हणजे ४५ टक्के. मग माझ्या ८० गावकऱ्यांपैकी ४५ टक्के, म्हणजे ३६. वाटा दोन असल्या तरी पोचतात एकाच मुक्कामी.

बाकीची घरं अशीच भरतात. गावच्यांसाठी ३६, २८, १६ आणि बाहेरगावच्यांसाठी ५४, ४२, २४. सगळ्यांत लहान अपेक्षित आकडा १६ आहे, त्यामुळे प्रत्येक घरात किमान पाच हवेत या नियमाची भीती नाही. हा नियम अपेक्षित आकड्यांना लागतो, निरीक्षित आकड्यांना नाही. निरीक्षित घरात ३ दिसले म्हणून लगेच स्तंभ एकत्र करणारी मुलं दर वर्षी असतात.

प्रत्येक घरात निरीक्षित वजा अपेक्षित, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित:

χ² = २.२५ + २.२९ + ०.०६ + १.५० + १.५२ + ०.०४ = ७.६६

स्वातंत्र्यमात्रा (२ − १) × (३ − १) = २. पाच टक्के पातळीवर कोष्टकातली किंमत ५.९९१. आपली ७.६६ त्याच्या वर गेली, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. एक टक्क्याला किंमत ९.२१० आहे, तिथे ती नाकारता आली नसती. म्हणून पातळी लिहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

या '२' वरून मोठमोठी माणसंही घसरली आहेत. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली, पण अशा तक्त्यांसाठी ते घरांच्या संख्येतून फक्त एक वजा करत. बेरजा आपण नमुन्यातूनच घेतल्या, त्याचा हिशेब धरायला हवा हे फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं. पिअर्सन यांच्या रीतीने आपल्या सहा घरांना पाच मात्रा मिळाल्या असत्या, कोष्टकातली किंमत ११.०७० झाली असती आणि हाच तक्ता बरोबर उलटं बोलला असता.

निष्कर्षाच्या ओळीत मात्र दोघांची फारकत होते. मुलीने लिहावं: "पाच टक्के सार्थकता पातळीवर, गिऱ्हाईक कुठलं आणि ते काय घेतं यांच्यात संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे." मुलाने लिहावं: "पाच टक्के सार्थकता पातळीवर, गावच्या आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांमधली खरेदीची प्रमाणं सारखी नाहीत, याचा पुरेसा पुरावा आहे." फरक कुठल्या बाजूचा ते χ² सांगत नाही, त्यासाठी घरांकडे परत जावं लागतं: चादर बाहेरगावच्यांत ५२.५ टक्के, गावच्यांत ३३.७५. टॉवेलचं उलट. आणि बाहेरगावचा असणं हे चादर घेण्याचं *कारण* आहे, असं दोघांनीही लिहू नये. कदाचित गावच्यांच्या घरी चादरी आधीच ढीगभर असतील.

आणखी एक फरक मार्कांपलीकडचा आहे. "या दुकानाची साधारण ६० टक्के गिऱ्हाइकं बाहेरगावची" असा अंदाज मुलगी करू शकते. मुलगा नाही, कारण १२० हा आकडा दुकानाने नाही, त्याने ठरवला. तसंच "चादर घेणाऱ्यांपैकी ७० टक्के बाहेरगावचे" हेही तिच्याच तोंडी शोभतं. मुलाने गट उलटे निवडले असते, १२० गावचे आणि ८० बाहेरचे, तर तो टक्का आपोआप घसरला असता.

आणि समजा एका बाईंनी चादरही घेतली, टॉवेलही घेतला. मुलीने दोन्ही घरांत एकेक रेघ मारली तर वहीत रेघा होतील २०१ आणि माणसं २००. दोन्ही चाचण्यांना एक माणूस एकाच घरात लागतो, नाहीतर वरचं सगळं गणित बरोबर असूनही निकामी. अशांसाठी "दोन्ही" असा चौथा स्तंभ करावा, नाहीतर "मुख्य खरेदी कोणती" असा प्रश्न ठेवावा. पण हे पायरीवर बसायच्या आधी ठरवावं लागतं.