रॉयल्टी नफ्यावर नसते

‘फ्रँचायझीची रॉयल्टी नफ्यातून जाते ना? तोटा झाला तर कंपनीला काही द्यायचं नाही, असंच ऐकलंय.’

नाही. बहुतेक फ्रँचायझी करारांत रॉयल्टी, म्हणजे ब्रँड वापरण्यासाठी कंपनीला द्यायची रक्कम, विक्रीवर असते आणि नफा मोजण्याआधीच द्यावी लागते.

समजा, एका नाश्ता केंद्राची जीएसटी वगळून महिन्याची विक्री ४ लाख आहे. कच्चा माल ४० टक्के, म्हणजे १,६०,०००. भाडं, पगार आणि वीज मिळून आणखी १,६०,०००. रॉयल्टी ६ आणि जाहिरात निधी २ टक्के, म्हणजे ३२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,७६०. ५ टक्के जीएसटी आकारणाऱ्या उपाहारगृहाला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तो वजा करता येत नाही, आणि कंपनीच्या प्रस्तावात नेमका हाच खर्च बरेचदा गाळलेला असतो. उरतात ४२,२४०.

आता विक्री ३ लाखांवर आणा. माल आणि रॉयल्टी कमी होतात, पण भाडं-पगार-वीज तेवढीच राहते. ८,३२० रुपये तोटा होतो, तरी कंपनीला २४,००० द्यावेच लागतात, वर जीएसटी.

म्हणून प्रस्तावातला नफा वाचताना त्यात तुमचा स्वतःचा पगार आणि कर्जाचा हप्ता धरलाय का, हे आधी विचारा. करारात ‘विक्री’ची व्याख्याही पाहा. डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन वजा न करता पूर्ण बिलावर रॉयल्टी लावली असेल, तर हातात न आलेल्या पैशावरही ती भरावी लागेल.