रुपयाएवढा सेल आणि हातात असलेले दोन तास

2019 पासून चलनात आलेलं एक रुपयाचं नाणं 20 मिलिमीटर व्यासाचं आहे. CR2032 हा बटण सेलही तेवढाच. त्या आकड्यांतच त्याचं माप असतं: 20 म्हणजे व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. गाडीच्या किल्लीत, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात, एलईडी माळेच्या रिमोटमध्ये तो सापडतो. दिवाळीच्या आधी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर ढिगाने विकल्या जाणाऱ्या बॅटरीच्या पणत्यांतही बऱ्याचदा तोच असतो, आणि त्यातल्या स्वस्त पणत्यांचं झाकण स्क्रूशिवाय नखानेही उघडतं.

दीड-दोन वर्षांच्या मुलाने यातलं काहीही गिळलं तरी ते अडकण्याची शक्यता सर्वात जास्त एकाच जागी असते: अन्ननलिकेच्या तोंडाशी, मानेच्या बुडाला. तिथला स्नायूंचा वेढा अरुंद असतो. नाणं तिथे अडकलं तर नुसतं बसून राहतं. सेल मात्र काम करायला लागतो.

सेल फुटतो, आतलं रसायन बाहेर येतं आणि मूल भाजतं, असा समज आहे. प्रत्यक्षात सेल धडधाकट असतानाच इजा करतो. अन्ननलिकेची ओली भिंत त्याच्या दोन्ही टोकांना टेकली की वीजमंडल पूर्ण होतं. 3 व्होल्टचा तो बारीक प्रवाह तिथल्या पाण्याचं विघटन करतो आणि ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड साठू लागतं. म्हणजे तुंबलेल्या मोरीत टाकायच्या पावडरीत असतो तसा जहाल अल्क, तोही मुलाच्या घशातच तयार होणारा. अल्कामुळे पेशींतल्या चरबीचा साबण होतो आणि प्रथिनं विरघळतात, त्यामुळे जखम वर न थांबता खोल उतरत जाते. पंधरा मिनिटांत इजा सुरू होते आणि दोन तासांत ती गंभीर होऊ शकते.

विश्वास बसत नसेल तर कच्च्या चिकनच्या दोन ओलसर तुकड्यांमध्ये एक सेल दाबून ठेवा. थोड्याच वेळात कडेने बुडबुडे येतात. अर्ध्या तासाने वरचा तुकडा उचलला की ऋण बाजूला, म्हणजे अक्षरं नसलेल्या लहान बाजूला, काळपट चट्टा पडलेला दिसतो. लाल लिटमस तिथे निळा होतो. (नंतर चिकन फेकून द्या आणि सेल मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.) वजनकाटा बंद पडला म्हणून काढून ठेवलेला सेल घेतला तरी हेच होतं. यंत्र चालवण्याइतका दाब त्यात उरलेला नसतो, पण मांस जाळायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतो. ‘संपलेला सेल आहे, खेळू दे’ हे म्हणूनच धोक्याचं.

आता एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचा प्रसंग घेऊ. कासारवडवलीतलं घर, संध्याकाळचे साडेसात. एकोणीस महिन्यांच्या मुलाच्या तोंडातून लाळ गळते आहे आणि तो भाताचा घास थुंकतो आहे. आई म्हणते, घसा आला असेल. मग सोफ्याखाली पणतीचं उघडं झाकण सापडतं, सेल मात्र सापडत नाही. आजी म्हणतात, “केळं द्या गं, ढकलत जाईल खाली.”

केळं द्यायचं नाही, आणि भाताचा गोळाही नाही. अडकलेला सेल त्याने सरकत नाही, आणि भूल देताना पोट भरलेलं असलं तर जोखीम वाढते. घशात बोट घालून उलटी काढायची नाही. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर मध द्यायचा: दोन छोटे चमचे, म्हणजे 10 मिलि, दर दहा मिनिटांनी, फार तर सहा वेळा. मध आम्लधर्मी आणि दाट असतो. तो सेलभोवती बसतो आणि अल्काचा जोर थोडा कमी करतो. हा इलाज नव्हे, वाटेत मिळालेली थोडी सवलत आहे. त्यामुळे मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही, तो गाडीत बसून द्यायचा. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू पोटात जाऊ शकतात.

निघतानाच हॉस्पिटलला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: आत्ता एक्स-रे होईल का, लहान मुलांच्या घशातून आत घालायची दुर्बीण आहे का, आणि मुलांना भूल देणारे डॉक्टर येतील का. घोडबंदर रोडवर त्या वेळी मानपाडा ते माजिवडा पार करायलाच किती वेळ जाईल हे कोणी सांगावं! चुकीच्या दारात जाऊन परत फिरण्याएवढे तास हातात नसतात. ‘काहीतरी गिळलंय’ असं मोघम न सांगता ‘बटण सेल गिळल्याचा संशय आहे’ असं सांगावं, म्हणजे रांगेतला क्रम बदलतो.

मानेपासून पोटापर्यंतचा एक्स-रे काढतात, समोरून आणि बाजूनेही. समोरून नाणं म्हणजे एकजिनसी पांढरी चकती. सेलच्या कडेला मात्र आत आणखी एक वर्तुळ दिसतं, कारण त्याची दोन धातूची झाकणं एकमेकांत बसवलेली असतात. बाजूच्या चित्रात सेलला पायरी दिसते. पण पातळ सेलमध्ये ही खूण पुसट असते आणि एकावर एक बसलेली दोन नाणी सेलचा आभास करतात, म्हणून शंका असेल तर सेलच समजून पुढे जातात. पायरीची अरुंद बाजू ऋण असते. ती पुढे तोंड करून असेल तर चिंता श्वासनलिकेची आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची, मागे असेल तर मणक्याची.

अन्ननलिकेतला सेल मूल हसत-खेळत असलं तरी लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत, भूल देऊन दुर्बिणीने काढतात. काढल्यावर ती जागा विरळ अॅसिटिक आम्लाने धुतात. सेल निघाला तरी जखम पुढचे काही दिवस खोल जाऊ शकते. महाधमनीपर्यंत छिद्र गेलं तर रक्तस्राव काही आठवड्यांनीही होतो, आणि त्याआधी बऱ्याचदा एखादी छोटी रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी होते. ती दिसली की सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

सेल पोटात उतरला असेल तर चित्र वेगळं असतं. तेव्हा मुलाचं वय, सेलचा आकार आणि त्रास बघून डॉक्टर ठरवतात. लहान मूल आणि 20 मिलिमीटरचा सेल असेल तर फार थांबत नाहीत.

नाण्याच्या बाबतीत मात्र घाई कमी. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास असेल तर तेही तातडीने काढतात. तसं काही नसेल तर बारा ते चोवीस तास थांबून पुन्हा एक्स-रे घेतात, कारण साधारण चारातलं एक नाणं आपोआप खाली उतरतं. पोटात पोचलेलं नाणं बहुधा एक-दोन आठवड्यांत बाहेर पडतं. तोवर रोज शी चाळत बसण्याला तसा अर्थ नाही, डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे काढला की पुरे.

चुंबकांच्या छोट्या गोळ्यांचं गणित याहून विचित्र आहे. एक गोळी गिळली तर सहसा नाण्यासारखीच निघून जाते. दोन गोळ्या वेगवेगळ्या वेळी गिळल्या, तर एक आतड्याच्या एका वेटोळ्यात आणि दुसरी शेजारच्या वेटोळ्यात असताना त्या भिंतींआडून एकमेकींना चिकटतात. मधली भिंत चिमटली जाते, तिचं रक्त तुटतं आणि एक-दोन दिवसांत भोक पडू शकतं. त्या काळात मुलाला नुसतं पोट बिघडल्यासारखं, थोडी उलटी, थोडी कळ, एवढंच असतं. म्हणून एकाहून जास्त चुंबकं असतील किंवा एका चुंबकाबरोबर दुसरी एखादी धातूची वस्तू गिळली असेल, तर त्रासाची वाट न बघता, दुर्बीण पोचेल अशा जागी ती असतानाच काढतात. एक्स-रेत एकच गोळी दिसली तरी बाजूने दुसरं चित्र घेतात, कारण एकामागे एक चिकटलेल्या दोन गोळ्या समोरून एकच वाटतात. आणि पोटात चुंबक असल्याची नुसती शंका असली तरी त्या मुलाला एमआरआयच्या खोलीत नेत नाहीत.