मुलाखतीचा पॉडकास्ट कसा झाला

मुलाखत सोलापूरकरांना नवी नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात रंगलेली प्रकट मुलाखत इथे अनेकांच्या आठवणीत आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे लेखक-कलावंतांच्या मुलाखती घरात आल्या, पण त्या ठरलेल्या वेळेच्या चौकटीत. खासगी वाहिन्यांनी त्यात टाळ्या, खेळ आणि जाहिरातींचे ब्रेक घातले, तेव्हा मुलाखतीला टॉक शो म्हणू लागले. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि दोन-दोन तासांच्या गप्पा सुरू झाल्या.

या गप्पांना आज सर्रास पॉडकास्ट म्हणतात, आणि घोळ इथेच आहे. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट मिळून २००४ मध्ये हा शब्द रूढ होऊ लागला. तेव्हा तो फक्त आवाजाचा होता. एकदा नाव नोंदवले की नवा भाग आपोआप यंत्रात उतरायचा, तारखेच्या क्रमाने. मधे निवड करणारे कोणी नव्हते. आता कॅमेऱ्यासमोर दोन खुर्च्या आणि दोन मोठे माइक दिसले की झाला पॉडकास्ट! पण व्हिडिओच्या ॲपमध्ये कोणता भाग समोर यावा हे बरेचसे ॲपनेच केलेल्या शिफारशीवर ठरते, आणि तिथे ओळखीचा चेहरा व भडक मथळा पुढे सरकतो. म्हणून तोच पाहुणा चार ठिकाणी तेच किस्से सांगताना भेटतो. माझ्या मते या शब्दबदलाने श्रोत्याचे नुकसानच केले.

तरीही या गप्पा लोकांना हव्या असतात, कारण त्यांना कथानक नसते. कडक भाकरी थापताना पाच मिनिटे कुकरच्या शिट्टीत गेली तरी धागा तुटत नाही.

चांगल्या गप्पा शोधायच्या तर कार्यक्रमापेक्षा विषय शोधावा. समजा, चादरीबद्दल ऐकायचे आहे. ‘यशस्वी उद्योजक’ असे शोधले तर बालपण, संघर्ष, तरुणांना सल्ला हेच मिळेल. ‘जॅकार्ड’, ‘सूत रंगाई’ असे विणकामाच्या धंद्यातले शब्द टाकले की कारखान्यात उभा राहिलेला माणूस सापडतो. मग वर्णनात 0:00 पासून दिलेली प्रकरणे वाचावीत. ‘पक्का रंग का उतरतो’ असे प्रकरण असेल, तर विचारणाऱ्याने तयारी केलेली असण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीचा मिनिटभर सोडून द्यावा. तिथे बहुधा पुढचीच चटकदार वाक्ये कापून लावलेली असतात. त्यानंतरचा दुसरा प्रश्न ऐकावा. पाहुणा म्हणाला, “पंचकार्डाचे एक भोक चुकले की नक्षी बिघडते,” आणि समोरून आले, “मग ते कुठे चुकले हे शोधता कसे?”, तर तो भाग भाकऱ्या होईपर्यंत चालू ठेवावा. त्याऐवजी “वा! आता तुमच्या लग्नाबद्दल सांगा,” असे आले, तर दुसरा लावावा.