अमृतमहोत्सवी भाषणातलं ‘गाव वसवलं’ हे वाक्य

औसा-उमरगा पट्ट्यातल्या एका पुनर्वसित गावात अण्णांचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला. मुख्य भाषणात बहात्तरच्या दुष्काळाला दोन वाक्यं मिळाली: विशीतले अण्णा रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर मस्टर लिहायचे. पुढची सरपंचकी, सोसायटी, शाळेची इमारत हेही भरभर उरकलं. टाळ्या पडल्या त्या ‘अण्णांनी गाव वसवलं’ या वाक्याला, आणि त्याच वाक्यावर गावात आजही दोन मतं आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा माणसं दबली ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा मातीचा थर. भिंत फुगून सुटली की सगळं ओझं खाली. त्यामुळे जुन्या जागेवर पुन्हा बांधायला फारसं कुणी तयार नव्हतं. वाद झाला तो नव्या जागेवर कोण कुठे राहणार यावरून.

सरकारी निकष जमिनीचा होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यापुढे ७५०. आखणी करणाऱ्यांना एका मापाची घरं एका रांगेत सोयीची. पण तसं केलं की भावकी फुटते आणि मोठ्या जमिनीवाल्यांची एक वेगळीच वसाहत होते. अण्णांनी ग्रामसभेत धरून ठेवलं: जुनी गल्ली तशीच उचलून न्यायची, मापं मिसळली तरी चालतील.

ते मान्य झालं, पण अर्धंच. एका घरातले तीन भाऊ वेगळी चूल मांडून राहत होते, सातबारा मात्र वडिलांच्या नावावर. यादीत एकच घर आलं, ४०० फुटांचं. अण्णांनी वेगळ्या शिधापत्रिका पुढे करून धाकट्याला २५० चं घर मिळवून दिलं. मधल्याचा अर्ज अडकला तो अडकलाच. त्याने शेतात पत्र्याचं शेड टाकलं. विरोधकांचा आक्षेप हाच, की गल्ली राखण्याच्या हट्टात यादी तपासायचं राहून गेलं. आक्षेप खोटा नाही. पण याद्या तहसिलात तयार होत होत्या, हे आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत.

दुसरी तक्रार यादीबद्दल नाही, गुरांबद्दल आहे. चौकटीच्या आखणीत गोठ्याला जागाच धरली नव्हती. लोकांनी पुढच्या मोकळ्या जागेत दावणी बांधल्या, मागाहून तिथेच खोल्या चढल्या, आणि काही खोल्यांच्या भिंती पुन्हा मातीत रचलेल्या दगडाच्या आहेत. गेली काही वर्षं अण्णा ग्रामपंचायतीत याच भिंतींबद्दल बोलतात. भाषणात तो मुद्दा नव्हता. कदाचित समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरांना तशी भिंत आहे म्हणून.