डच रोग
एखाद्या देशाच्या खनिज, तेल किंवा शेतमालाच्या निर्यातीतून अचानक भरमसाट परकीय चलन येऊ लागले, की त्या देशाचे चलन महाग होते आणि त्याच देशातील इतर निर्यातदारांचा धंदा बसतो. या घडामोडीला अर्थशास्त्रात ‘डच रोग’ म्हणतात. 1959 मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि पुढे तेथील कारखानदारी मागे पडली. त्यावरून ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने 1977 मध्ये हे नाव रूढ केले. मात्र त्याच्या एक वर्ष आधीच अर्थतज्ज्ञ बॉब ग्रेगरी यांनी ऑस्ट्रेलियाच्या खाणींबाबत हाच मुद्दा मांडला होता. पुढे ऑस्ट्रेलियातच या रोगाचे फार बोलके उदाहरण घडले.

चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी वाढली तसा लोहखनिजाचा भाव चढत गेला. 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला टनाला 20 डॉलरच्या आत असलेला भाव 2011 च्या आरंभी 180 डॉलरच्या वर गेला. खनिजाचे पैसे अमेरिकी डॉलरमध्ये मिळतात. पण मजुरी, रॉयल्टी आणि कर ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये भरावे लागतात. म्हणून खाण कंपन्या अमेरिकी डॉलर विकून स्थानिक चलन घेतात. शिवाय नव्या खाणी, रेल्वेमार्ग आणि बंदरे उभारण्यासाठी बाहेरून भांडवल येत होते. त्यातच 2008 च्या जागतिक संकटानंतर अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ असताना ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा दर 2010 च्या अखेरीस 4.75 टक्के होता. जास्त व्याजासाठी येणाऱ्या पैशानेही चलनाला बळ दिले. 2001 मध्ये 50 अमेरिकी सेंटच्या आसपास असलेला ऑस्ट्रेलियन डॉलर जुलै 2011 मध्ये 1.10 अमेरिकी डॉलरपर्यंत पोहोचला.

याचा फटका कसा बसतो, ते एका काल्पनिक हिशेबावरून कळेल. मेलबर्नचा एक कारखानदार परदेशात 20,000 अमेरिकी डॉलरला एक यंत्र विकतो आणि ते बनवायला त्याला 23,000 ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च येतो. चलन 80 सेंटवर असताना त्याच्या हाती 25,000 येतात, म्हणजे 2,000 चा नफा. चलन 1.05 वर गेले की तेच यंत्र, तोच ग्राहक आणि तीच किंमत असूनही जेमतेम 19,000 हाती येतात आणि सुमारे 4,000 चा तोटा होतो. किंमत वाढवावी तर ग्राहक जर्मनीकडे किंवा कोरियाकडे वळतो. खाणवाल्यालाही तोच विनिमय दर लागू असतो, पण त्याच्या मालाचा भाव चलनापेक्षा कितीतरी वेगाने वाढलेला असल्यामुळे तो तरून जातो.

मॅक्स कॉर्डन आणि पीटर नीरी या अर्थतज्ज्ञांनी 1982 मध्ये या परिणामाचे दोन भाग वेगळे करून दाखवले. पहिल्यात भरभराटीचे क्षेत्र जास्त पगार देऊन इतरांची माणसे ओढून घेते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील दूरच्या पिलबारा भागातल्या खाणींसाठी वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन विमानाने ये-जा करत, आणि तेवढा पगार देणे शहरातल्या कारखान्याला परवडत नसे. दुसऱ्यात आलेला पैसा देशात खर्च होतो, त्यामुळे घरभाडे, बांधकाम, हॉटेल अशा आयात न होणाऱ्या गोष्टी महागतात. विनिमय दर बांधलेला असला तरी हा रोग टळत नाही, कारण मग महागाईच्या वाटेने देशातला उत्पादनखर्च वाढतो. म्हणून निदान करताना केवळ डॉलरचा भाव पाहून भागत नाही. व्यापारी भागीदार देशांतील महागाईशी तुलना करून काढलेला वास्तविक विनिमय दर पाहावा लागतो.

प्रत्येक बंद कारखान्याचे खापर मात्र खाणींवर फोडता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा मोटार उद्योग आधीच नाजूक होता. बाजार लहान, आणि आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटत 2010 मध्ये 5 टक्क्यांवर आलेले. महाग चलनाने त्यावर शेवटचा घाव घातला, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. फोर्डने मे 2013 मध्ये, होल्डनने त्याच डिसेंबरात आणि टोयोटाने फेब्रुवारी 2014 मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. 2015 मध्ये चलन 70 सेंटच्या आसपास उतरले, तरी निर्णय फिरले नाहीत. 2016 आणि 2017 या दोन वर्षांत तिन्ही कंपन्यांचे कारखाने बंद झाले. सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने आणि कसबी कामगार एकदा पांगले, की चलन स्वस्त झाल्याने ती साखळी पुन्हा जुळत नाही; या रोगाचे खरे नुकसान हेच आहे.

नॉर्वेने यावर वेगळा उपाय केला. तेलातून सरकारला मिळणारा पैसा 1996 पासून एका निधीत जमा होऊ लागला, आणि हा निधी फक्त परदेशात गुंतवला जातो. त्यामुळे ते डॉलर एकदम क्रोनर या स्थानिक चलनात बदलले जात नाहीत. 2001 पासून सरकारने निधीच्या अपेक्षित परताव्याएवढाच, म्हणजे आधी 4 आणि 2017 पासून 3 टक्के, सरासरी खर्च करण्याचा दंडक ठेवला आहे. याने चलनावरचा ताण हलका होतो. पण तेलक्षेत्रातले चढे पगार बाकीच्या उद्योगांत झिरपतात, ते या निधीने थांबत नाही.