ड्रॉइंगमधल्या विसंगतीवर डिझायनरला आरएफआय कसा लिहावा

आर्किटेक्टचं आणि आरसीसी कन्सल्टंटचं ड्रॉइंग एकमेकांशी जुळत नसेल, तर साइटवर अंदाजाने काम न करता लेखी खुलासा मागायचा असतो. त्यालाच आरएफआय, म्हणजे रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन म्हणतात. तो कंत्राटदार किंवा त्याचा साइट इंजिनिअर पाठवतो. करारात आर्किटेक्टमार्फत जायचं ठरलं असेल, तर कन्सल्टंटला परस्पर पाठवू नये.

आधी दोन्ही ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर तपासा. साइटवर जुनी प्रिंट राहिल्यानेच फरक दिसतो, असं बऱ्याचदा होतं. कोणतं ड्रॉइंग ग्राह्य धरायचं याचा क्रम करारात दिलेला असेल, तर तोही पाहा.

समजा, सांगलीत विश्रामबागला इमारतीचं काम चालू आहे. पहिल्या मजल्याच्या बाथरूमचा संकन स्लॅब, म्हणजे पाइपसाठी खाली उतरवलेला स्लॅब, आर्किटेक्टने ३०० मिमी खाली दाखवलाय, तर आरसीसी ड्रॉइंगमध्ये २०० मिमी. स्लॅबची जाडी १२५ आणि बाजूच्या बीमची खोली ३८०. ३०० धरले तर स्लॅबचा तळ बीमच्या माथ्यापासून ४२५ मिमी खाली जातो, म्हणजे बीमच्या तळाखाली ४५ मिमी. २०० धरले तर तळ ३२५ मिमी खाली, म्हणजे बीमच्या खोलीत बसतो. पण ड्रेनेज पाइपच्या उताराला जागा कमी पडू शकते. हा हिशोब पत्रात आला की डिझायनरला अडचण लगेच कळते. मजकूर साधारण असा:

“विषय: पहिला मजला, ग्रिड बी-३ ते सी-४, संकन स्लॅबची खोली.
ए-०५ (रिव्हिजन २) मध्ये खोली ३०० मिमी, तर एस-०७ (रिव्हिजन १) मध्ये २०० मिमी आहे. ३०० घेतल्यास स्लॅबचा तळ ३८० मिमी बीमच्या ४५ मिमी खाली जातो. कोणती खोली घ्यावी? ३०० असल्यास बीमची खोली व स्टील बदलेल का? बीम खोल करण्याचा पर्याय आपण तपासावा, ही विनंती. गुरुवारी या भागाचं सेंटरिंग सुरू होणार असल्याने बुधवारपर्यंत उत्तर मिळावं.”

सोबत दोन्ही ड्रॉइंगचे तेवढेच भाग, फरकाच्या जागी लाल गोल करून जोडा. एका आरएफआयमध्ये एकच विषय ठेवा. पाच विषय एकत्र गेले की चारांची उत्तरं येतात आणि अडलेलं नेमकं पाचवंच राहतं.

“तुमच्या ड्रॉइंगमध्ये चूक आहे” असं लिहू नका. कोणाचं ड्रॉइंग बरोबर हे तुम्हाला अजून माहीतच नसतं, आणि समोरचा उत्तराऐवजी बचाव लिहून पाठवतो. “आम्ही ३०० घेत आहोत, कळावे” हे तर त्याहून वाईट, कारण निर्णयाची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. पर्याय सुचवायला हरकत नाही, निर्णय मात्र डिझायनरचाच हवा.

फोनवर उत्तर मिळालं तर त्याच दिवशी ईमेलने कळवून लेखी दुजोरा मागा. बीम बदलत असेल तर सुधारित ड्रॉइंग किंवा सही केलेलं स्केच हातात येईपर्यंत त्या बीमचं स्टील कापू नका.